ईमेलमधले पुन्हा पुन्हा येणारे ‘आम्ही’

प्रश्न: सोसायटीच्या लांब ईमेलमध्ये माझे प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होते. हा यांत्रिकपणा कसा घालवू?

पहिल्या वाक्यानंतरचे ‘आम्ही’ गाळा आणि एकाच कामाच्या पायऱ्या ‘तेव्हा’, ‘म्हणून’ अशा शब्दांनी जोडा. ‘आम्ही टाकी तपासली. आम्ही गळती शोधली. आम्ही ठेकेदार बोलावला.’ याऐवजी ‘आम्ही टाकी तपासली, तेव्हा तळाशी गळती आढळली, म्हणून सोमवारी ठेकेदाराला बोलावले आहे’ असे लिहा. ‘कळवू’, ‘पाठवू’ या रूपांतच कर्ता दिसतो, त्यामुळे तेथे ‘आम्ही’ लागतच नाही. ‘तपासली’मध्ये मात्र तो दिसत नाही, म्हणून परिच्छेदात एकदा तरी सांगावा. एक पथ्य पाळा: ‘टाकी’ची पुनरुक्ती टाळण्यासाठी पुढे ‘जलसाठा’ लिहू नका, कारण वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.