नियम मोडतो, गृहीतक खोटं ठरतं

प्रश्न: नियोजनावरचे प्रश्न सोडवताना धोरण, कार्यपद्धती, नियम आणि नियोजनाची गृहीतकं यांत माझा हमखास गोंधळ होतो. एखादं वाक्य दिलं की चारही पर्याय बरोबर वाटतात. आणि एमबीओ, म्हणजे उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापन, यात नेमकं कुठे बसतं? एखादं खरंखुरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर: व्याख्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि क्रियापदाकडे बघा. नियम मोडला जातो. कार्यपद्धतीतली पायरी चुकते. धोरणाचा अर्थ लावावा लागतो. उद्दिष्ट गाठलं जातं किंवा हुकतं. आणि गृहीतक खोटं ठरतं. ते कुणी मोडू शकत नाही, कारण ते कुणाला काही करायला सांगतच नाही. परीक्षेत दिलेल्या वाक्याला यातलं कोणतं क्रियापद चपखल बसतं ते तपासलं, की निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी हेच करायला लावतो.

मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत होतो, त्यातली बहुतेक वसुली विभागात. म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. शाखा तालुक्याच्या गावी, सभासद मुख्यतः ऊस आणि सोयाबीनवाले शेतकरी, थोडे दुकानदार. मार्चअखेरची थकबाकी खाली आणायची, हे वर्षाचं काम.

यातलं धोरण असं होतं: ‘अडचण खरी असेल तर कर्जदाराला हप्ते पाडून द्यावेत, कारवाई शेवटी करावी.’ अडचण खरी की खोटी, हप्ते किती, हे शाखाधिकारी ठरवणार. धोरण दिशा देतं, कुंपण घालतं, पण कुंपणाच्या आत माणसाला फिरायला जागा ठेवतं. त्याच खात्यात घरात आजारपण असेल तर एक निर्णय होईल, नवी गाडी दारात उभी असेल तर दुसरा, आणि दोन्ही निर्णय धोरणाला धरूनच असतील.

नियम होता: ‘एका सभासदाला एका वेळी दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहता येणार नाही.’ इथे विचार करायला काही उरतच नाही. तिसरी सही घेतली की नियम मोडला. माणूस किती भला आहे, ओळख किती जुनी आहे, याला काही अर्थ नाही.

कार्यपद्धती म्हणजे क्रम. हप्ता चुकला की आधी घरी जाऊन भेट, मग कर्जदाराला नोटीस, मग जामीनदारांना, मग वकिलांमार्फत, आणि तरीही पैसे आले नाहीत तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज. यात काळाचा धागा आहे, आधी काय आणि नंतर काय. नियम आणि कार्यपद्धती यांतला खरा फरक हाच. ‘जामीनदाराला नोटीस दिल्याशिवाय 101 चा अर्ज करू नये’ हे वाक्य सुटं वाचलं तर नियम वाटतं, आणि तो नियमच आहे. फक्त तो कार्यपद्धतीच्या पोटात बसलेला आहे. ‘कार्यालयात तंबाखू खाऊ नये’ हाही नियमच, पण त्याला मागेपुढे कोणतीही पायरी नाही. म्हणजे कार्यपद्धतीत नियम असू शकतात, पण प्रत्येक नियम कुठल्या तरी कार्यपद्धतीचा भाग असतोच असं नाही. हा मुद्दा बहुपर्यायी प्रश्नांत वारंवार येतो.

आता गृहीतकं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

वर्षाची आखणी करताना आम्ही कागदावर लिहायचो: ‘जानेवारी ते मार्च या काळात उसाची बिलं सभासदांच्या खात्यावर जमा होतील.’ ही आज्ञा नाही आणि इच्छाही नाही. ज्या परिस्थितीत योजना राबवायची आहे, तिच्याविषयीचा हा आमचा अंदाज, आणि सगळी योजना त्यावर उभी. आता गंमत बघा. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. कारखान्याच्या दृष्टीने हा नियम आहे. पंधराव्या दिवशी पैसे दिले नसतील तर तो मोडला. पतसंस्थेच्या दृष्टीने तीच गोष्ट गृहीतक आहे. आम्ही ती पाळूही शकत नाही, मोडूही शकत नाही. ती खरी ठरेल किंवा खोटी ठरेल, एवढंच. गोष्ट एकच, पण नियोजन कोण करतंय त्यावर तिचा प्रकार बदलतो. म्हणून प्रश्न वाचताना ‘हे कुणाच्या योजनेत आहे?’ हे आधी विचारा. मुख्य कार्यालयाने ठरवलेलं कर्जधोरण शाखेच्या आखणीत गृहीतक म्हणूनच येतं, कारण शाखा ते बदलू शकत नाही. ते दिलेलं आहे असं धरून तिला पुढे जावं लागतं.

पुस्तकात गृहीतकांचे अंतर्गत आणि बाह्य, नियंत्रणात असलेली आणि नसलेली, असे प्रकार दिलेले असतात. वसुलीला दोनच माणसं आहेत, हे अंतर्गत आणि बरंचसं आपल्या हातातलं. पाऊस, सोयाबीनचा भाव, कारखान्याचं बिल ही बाह्य आणि हाताबाहेरची. एवढं पुरे.

एमबीओ या यादीत शोधू नका, कारण तो योजनेचा प्रकार नाहीच. उद्दिष्टं कशी ठरवायची आणि नंतर ती कशी तपासायची, याची ती रीत आहे. पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये ती मांडली तेव्हा तिचं नाव ‘उद्दिष्टांद्वारे आणि आत्मनियंत्रणाने व्यवस्थापन’ असं होतं. नावाचा दुसरा भाग पुढे गळून पडला आणि माझ्या मते सगळं बिघडलं ते तिथेच. त्यांची कल्पना अशी, की हाताखालच्या व्यवस्थापकाने वर्षातून दोनदा वरिष्ठाला पत्र लिहावं: तुमची उद्दिष्टं मला अशी दिसतात, माझी अशी, माझं काम कोणत्या कसोटीवर तपासावं, आणि तुमच्या कोणत्या गोष्टींची मला मदत होते, कोणत्या आड येतात. म्हणजे उद्दिष्ट दोघांनी बसून ठरवायचं आणि मोजमापाची माहिती आधी काम करणाऱ्याच्या हातात यायची. ‘वरिष्ठ उद्दिष्ट ठरवून कळवतात’ असा पर्याय दिसला की तो चुकीचा, हे यावरून लक्षात राहील.

आमच्याकडे एका वर्षी उद्दिष्ट वरूनच आलं: ‘थकबाकी 14 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणा.’ हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतो. शाखेचं येणं कर्ज 12 कोटी, थकबाकी 1 कोटी 68 लाख. शाखेने आधी 3 कोटींची नवी कर्जं वाटली. येणं कर्ज 15 कोटी झालं, थकबाकी तेवढीच राहिली, पण टक्केवारी 11.2 वर आली. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 50 लाखांच्या थकीत खात्यांचं नवं-जुनं झालं: त्याच कर्जदाराला नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं फेडून घ्यायचं. येणं कर्ज 15 कोटीच, थकबाकी 1 कोटी 18 लाख, म्हणजे 7.87 टक्के. उद्दिष्ट गाठलं आणि थकीत कर्जदारांकडून एक रुपयाही आला नाही. संचालकांपुढे आकडा ठेवला गेला तेव्हा मी तिथेच होतो. मी बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातली बरीच खाती पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा थकली आणि तेव्हा त्यांच्यावरचं व्याजही वाढलेलं होतं.

हे पकडायचं कसं? जुनं खातं बंद झाल्याची तारीख आणि त्याच माणसाला नवं कर्ज दिल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. त्याच दिवशीच्या किंवा एक-दोन दिवसांच्या अंतराच्या जोड्या दिसल्या की ती वसुली कागदावरची. आणि टक्केवारी उतरली असेल तर वरचा आकडा, म्हणजे थकबाकी, कमी झाला की खालचा, म्हणजे येणं कर्ज, वाढला, एवढं तपासा.

पुढच्या वर्षी नवे व्यवस्थापक आले. त्यांनी आम्हाला, म्हणजे वसुलीच्या माणसांना, बसवून विचारलं की खरं काय जमेल. त्यातून उद्दिष्ट असं निघालं: ‘31 मार्चच्या यादीतल्या थकीत खात्यांतून वर्षभरात 60 लाख प्रत्यक्ष जमा व्हावेत, जमा झाल्यापासून 90 दिवसांत त्याच सभासदाला नवं कर्ज दिलं असेल तर ती रक्कम धरू नये.’ टक्केवारी गेली, रक्कम आली, मुदत आली आणि पळवाट बुजली. याच्या जोडीला गृहीतकंही लिहिली गेली: उसाची बिलं मार्चपर्यंत मिळतील आणि वसुलीला दोन माणसं राहतील. उद्दिष्टाशेजारी गृहीतक लिहिण्याचा फायदा वर्षाच्या मध्यावर कळतो. फेब्रुवारीत बिलं रखडल्याचं स्पष्ट झालं तेव्हा आमच्यापैकी कुणाला बोल लावण्याची वेळच आली नाही. गृहीतक खोटं ठरलं होतं, म्हणून ऊसवाल्यांच्या खात्यांची मुदत जूनपर्यंत सरकवली आणि रक्कम 42 लाखांवर आणली. दुकानदारांच्या खात्यांना मात्र सवलत नव्हती, कारण त्यांचं गणित बिलांवर उभं नव्हतं.

या सगळ्यात जामीनदाराचा नियम, नोटिशींचा क्रम आणि हप्ते पाडून देण्याचं धोरण यांपैकी काहीच बदललं नाही. बिलं रखडल्यावर बदललं ते फक्त उद्दिष्ट. परीक्षेत ‘गृहीतक बदललं तर आधी काय तपासाल?’ असा प्रश्न आला तर त्या गृहीतकावर उभी असलेली उद्दिष्टं आणि कार्यक्रम, असं लिहा. नियम आणि कार्यपद्धती साधारणपणे वर्षानुवर्षं चालणाऱ्या असतात. त्यांना स्थायी योजना म्हणतात. कार्यक्रम आणि अंदाजपत्रक एका कामापुरते किंवा एका मुदतीपुरते असतात. कार्यपद्धतीला हात लावायची वेळ येते ती परिस्थिती एका हंगामापुरती नव्हे तर कायमची बदलली तर. समजा, कारखाना बंदच पडला आणि सभासदांनी ऊस सोडून दुसरं पीक धरलं, तर पहिली भेट कोणत्या महिन्यात घ्यायची इथपासून सगळा क्रम नव्याने मांडावा लागेल.