ओपन क्वेश्चन आर्ग्युमेंट कोणी स्टेप बाय स्टेप सांगेल का? मेटाएथिक्स शिकतोय, पण ‘चांगलं’ची नैसर्गिक व्याख्या का करता येत नाही ते काही केल्या कळत नाहीये.

एकच व्याख्या घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा कोणी म्हटलं, चांगलं म्हणजे सुखद, आणि लक्षात ठेव, तो ‘सुखद गोष्टी चांगल्या असतात’ एवढंच म्हणत नाहीये, तर दोन्ही शब्दांचा अर्थच एक आहे असं म्हणतोय. हे आर्ग्युमेंट मांडणाऱ्या तत्त्वज्ञ जी. ई. मूरचा हल्ला (प्रिन्सिपिया एथिका, १९०३) फक्त या दुसऱ्या दाव्यावर आहे.

आता अर्थ जर एकच असेल तर एका शब्दाच्या जागी दुसरा टाकला तरी प्रश्न तोच राहायला हवा. ‘हे सुखद आहे, पण ते सुखद आहे का?’ असं विचारून बघ, यात विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही, उत्तर प्रश्नातच आहे. म्हणजे हा बंद प्रश्न. आता विचार, ‘हे सुखद आहे, पण ते चांगलं आहे का?’ एखाद्याला दुसऱ्याचा अपमान बघून मजा येते, मजा आली हे आपण मान्य करतो आणि तरीही ते चांगलं होतं का यावर नीट वाद घालू शकतो, म्हणजे हा प्रश्न खुला आहे. एक बंद, एक खुला, मग दोन्ही शब्दांचा अर्थ एक कसा असेल? ‘सुखद’च्या जागी ‘इच्छित’ टाक किंवा ‘उत्क्रांतीला पूरक’ टाक, मूर म्हणतो प्रत्येक वेळी हेच होणार.

इथे बरेच जण घसरतात. त्यांना वाटतं अपमानाचं उदाहरण हे प्रतिउदाहरण आहे, म्हणजे मूर ‘सुख चांगलं नसतं’ असं सिद्ध करतोय. तसं नाहीये. जगातली प्रत्येक सुखद गोष्ट खरंच चांगली निघाली तरी आर्ग्युमेंट जसंच्या तसं उभं राहतं, कारण प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असावं लागत नाही, अर्थ पूर्ण कळूनही तो विचारता यावा एवढंच पुरेसं आहे.

खरी कमकुवत जागा पुढच्या पायरीत आहे. अर्थ वेगळे, म्हणून गुणधर्मही वेगळा, आणि म्हणून चांगुलपणा हा नैसर्गिक, म्हणजे विज्ञानासारख्या तपासाने कळेल असा गुणधर्मच नाही, अशी उडी मूर घेतो. पण ‘हे पाणी आहे, पण ते H₂O आहे का?’ हा प्रश्नसुद्धा रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला खुलाच होता, आणि तरी पाणी म्हणजे H₂Oच निघालं, कारण ते शब्दाच्या अर्थावरून नाही तर तपास करून कळलं. रिचर्ड बॉइड, निकोलस स्टर्जन वगैरे कॉर्नेल रिअॅलिस्ट म्हणून ओळखले जाणारे तत्त्वज्ञ हाच रस्ता पकडतात: चांगुलपणा नैसर्गिक आहे, पण व्याख्येने नाही.

त्यामुळे माझ्या मते हे आर्ग्युमेंट शब्दार्थावर उभ्या असलेल्या नॅचरलिझमला, म्हणजे चांगुलपणा नैसर्गिक आहे या मताला, जबरदस्त अडचणीत आणतं, पण तपासातून येणाऱ्या नॅचरलिझमला ते एकट्याने पाडू शकत नाही, त्याच्यासाठी ‘चांगलं’ हा शब्द ‘पाणी’सारखा चालतच नाही हे वेगळं दाखवावं लागेल.