‘सोबत जोडले आहे’ आणि खाली फाइलच नाही

“मॅडम, मेलमध्ये ‘सोबत कोटेशन जोडले आहे’ असं लिहिते आणि फाइल न जोडताच पाठवून देते. महिन्यातून चार-पाच वेळा तरी होतं. आईला शेवटी शेवटी विस्मरणाचा आजार होता. माझंही तसंच सुरू झालंय का? आता रात्री झोपताना फोनवर दिवसभरात पाठवलेले सगळे मेल उघडून बघते, तरी मन मानत नाही.”

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या या ताई अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ऑफिस सांभाळतात. वय चाळिशीच्या आत. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

आजाराची शंका आधी बाजूला करायची होती. मी विचारलं, एकच बिल दोनदा भरलंय का? रोजच्या रस्त्यावर चुकल्यासारखं झालंय का? सकाळचं बोलणं संध्याकाळी पूर्ण पुसलं जातं का? यातलं काहीच नव्हतं. यातलं काही असतं, तर मी आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. शिवाय फाइल राहिल्याचं त्यांना पाठवल्यानंतर मिनिटभरात आठवायचं. म्हणजे गोष्ट डोक्यात होती, फक्त वेळेवर वर आली नाही. झेरॉक्स काढून आपण प्रती घेऊन निघतो आणि मूळ कागद मशीनवर राहतो, त्याच जातीची ही चूक आहे. मुख्य काम झालं असं मनाला वाटलं की त्याला चिकटलेली बारीक पायरी गळते.

मग आम्ही त्यांच्या लॅपटॉपवर फसलेले पाच मेल एकेक करून उघडले. पाचही मेल कुणाच्या तरी मेलला दिलेली उत्तरं होती, त्यामुळे समोरच्याचा पत्ता आधीच भरलेला. पाचही वेळा मजकूर लिहिताना फाइल तयारच नव्हती. कधी टॅलीमधून बिल काढायचं बाकी, कधी टेस्ट सर्टिफिकेट फोनवर स्कॅन व्हायचं होतं. त्यांनी आधी ‘सोबत जोडले आहे’ लिहून ठेवलं, फाइल आणायला दुसऱ्या खिडकीत गेल्या, मध्ये गेटवरून फोन आला. परत आल्यावर समोर पूर्ण झालेलं पत्र. मला यातलं ‘जोडले आहे’ महत्त्वाचं वाटतं. न केलेलं काम आपण झालं म्हणून लिहितो आणि परत आल्यावर आपणच ते वाचून विश्वास ठेवतो.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. “पण जीमेल विचारतं ना, फाइल विसरलात का म्हणून? मला का नाही विचारत?” आम्ही तिथेच करून पाहिलं. स्वतःच्याच पत्त्यावर फाइल न जोडता इंग्रजीत `I have attached the quotation` लिहिलं आणि पाठवायला गेलो, तर सूचना आली. मग ‘सोबत कोटेशन जोडले आहे’ असं मराठीत लिहिलं. मेल मुकाट्याने निघून गेला. ही सोय मजकुरातले ठरावीक शब्द पाहून चालते, आणि त्यांचे बहुतेक मेल मराठीत होते. तुमच्याकडे काय होतं, हे असंच स्वतःला दोन मेल पाठवून बघा. अंदाजावर राहू नका.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथे हे शब्द आपल्याला वाढवता येतात. सेटिंगमध्ये `Composition` खाली `Check for missing attachments` आहे आणि त्याच्या शेजारी `Keywords`. तिथे ‘सोबत’, ‘जोडले’, ‘जोडत’ घाला आणि तेही एकदा तपासून घ्या. एक मर्यादा मात्र सगळीकडे राहते. असली सूचना फाइल आहे की नाही एवढंच बघते. तीनपैकी दोनच जोडल्या, किंवा मागच्या महिन्याचं कोटेशन जोडलं, तर ती गप्प बसते.

म्हणून आम्ही कामाचा क्रम उलटा केला. फाइल हातात आल्याशिवाय मजकूर सुरू करायचा नाही. आधी फाइल, मग मजकूर, शेवटी पत्ता. उत्तराच्या मेलमध्ये पत्ता आधीच असतो, तर महत्त्वाच्या मेलमध्ये तो कापून मजकुराच्या पहिल्या ओळीत ठेवायचा आणि सगळं झाल्यावर वर परत न्यायचा. पत्त्याची जागा रिकामी असली की चुकून बटण दाबलं तरी मेल जात नाही, प्रोग्रॅमच अडवतो. हे सगळ्याच मेलना करायला सांगितलं असतं तर त्यांनी आठवड्यात सोडून दिलं असतं. मुदत असलेल्या, दिवसातल्या दोन-तीन मेलना पुरे. बाकीच्यांसाठी एकच वाक्य ठरवलं: ‘सोबत’ हा शब्द टाइप झाला की हात आधी क्लिपच्या खुणेवर जाईल, मगच वाक्य पुरं होईल. ‘लक्ष ठेवीन’ असा मोघम निश्चय टिकत नाही. अमुक दिसलं की तमुक करायचं असं बांधून घेतलेलं बरंच जास्त टिकतं, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आम्ही समुपदेशक शिकलो आहोत. आणि मजकुरात आकडा लिहायचा: ‘सोबत ३ फाइल: कोटेशन, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट.’ पाठवण्याआधी खालची नावं त्या ओळीशी एकदा ताडून बघायची.

सेटिंग एकच बदललं. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर `See all settings`, मग `General`, तिथे `Undo Send`. पाठवलेला मेल मागे घ्यायला ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. आम्ही ३० केले आणि पान खाली सरकवून `Save Changes` दाबलं. पुष्कळ जण हे शेवटचं बटण दाबत नाहीत आणि बदल राहत नाही. ताईंना चूक नेहमी पाठवल्याबरोबरच आठवायची, त्यामुळे हे अर्धं मिनिट त्यांच्या फार उपयोगाचं होतं.

खरं दुखणं मात्र रात्रीच्या तपासणीत होतं. २००३ मध्ये वॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगड्या पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. आठवण चुकली नाही, पण तिच्यावरचा भरवसा आणि तिचा स्पष्टपणा घटला. ताईंचं तेच होत होतं. वीस मेल उघडून झाले की पहिला नीट बघितला होता का, ही शंका यायची. आम्ही ठरवलं, तपासणी एकदाच आणि पाठवण्याआधी. फाइलचं नाव ओठ हलवून वाचायचं. पाठवल्यावर ‘सेंट’चा फोल्डर उघडायचा नाही. पहिले चार दिवस त्यांना हे फार जड गेलं, हात आपोआप फोनकडे जायचा. मी फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला सांगितलं. हीच तपासणी गॅस, कुलूप, नळ अशी पसरत गेली असती आणि दिवसाचा तासभर खाऊ लागली असती, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

सहाव्या आठवड्यात त्या आल्या आणि बसताक्षणी म्हणाल्या, “परवा एक गेला हो, बिनफाइलचा.” पुण्याच्या ग्राहकाला, घाईत, अर्धं मिनिटही उलटून गेलेलं. मी विचारलं, मग काय केलं? त्याच मेलला उत्तर देऊन, आधी फाइल जोडून, दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘मघाच्या मेलमध्ये बिल जोडायचं राहिलं. सोबत १ फाइल.’ समोरून ‘मिळालं’ एवढंच आलं. आणि त्या रात्री? “फोन आतच होता,” त्या म्हणाल्या. “सकाळी उठल्यावर आठवलं, की काल बघितलंच नाही.”