मास्टर्ससाठी फ्रान्सला चाललोय. बाजारात भाजी, दूध, चीज घ्यायला फ्रेंच किती लागतं, की बोट दाखवून भागतं?

बोट दाखवून नग कळतात, वजन नाही. ल्योंला माझी रूममेट सगळीकडे बोटच दाखवायची आणि मी फ्रेंच बोलायला गेले की म्हणायची, कशाला उगाच शायनिंग. आमचं यावरून कायम वाजायचं.

सोन नदीकाठी सेंत-आंत्वानचा बाजार भरतो, तिथे एकदा तिला कोंते चीज हवं होतं. बोट दाखवलं. तिथे चीजवाला मोठ्या तुकड्यावर सुरी टेकवून "कॉम सा?" म्हणजे एवढं? असं विचारतो. ही मान डोलावून मोकळी, आणि आला चांगला अर्धा किलोचा तुकडा. कोंते काही स्वस्त नसतं. मी त्याच ठिकाणी "बोंजूर, ज वुद्रे द सां ग्राम द कोंते" म्हणते, म्हणजे 200 ग्रॅम, आणि सुरी जास्त पुढे गेली तर "अं प म्वँ", थोडं कमी. कापल्यावर काटा 230 वर गेला तर तो म्हणणार "यां ना अं प प्ल्यूस, ज वू ल लेस?", थोडं जास्त झालंय, राहू दे का? हे वाक्य कानाला ओळखीचं करून जा, कारण बहुतेक लोक न कळता "वी", म्हणजे हो, म्हणतात. नको असेल तर "नों, द सां ग्राम, सिल वू प्ले".

आपण पाव किलो म्हणतो त्याला तिथे "युन दमी-लिव्र", आणि "युन लिव्र" म्हणजे 500 ग्रॅम. पाटीवर भाव किलोचा असतो, पण बोलताना म्हातारी माणसं लिव्रच म्हणतात. माप आलं की त्यानंतर फक्त "द": अं किलो द तोमात, आणि कांद्याला दोन्यों. क्लासमध्ये "दे तोमात" घोटून घेतात ते इथे चालत नाही.

हॅम स्लाइसवर मिळतं, "कात्र त्रांश द जांबों", पातळ हवं तर पुढे "फीन" जोडायचं. कोथिंबिरीची जुडी म्हणजे बॉत. शेवटी "ए आवेक ससी?" म्हणजे आणखी काही? त्यावर "स सरा तू", बस्स एवढंच.

दुधाला बोलायची गरजच नाही, सुपरमार्केटमध्ये लिटरच्या बाटल्या असतात, साधारणपणे लाल झाकण फुल क्रीम, निळं अर्ध्या सायीचं, हिरवं बिनसायीचं. म्हणजे रूममेटचं म्हणणं सुपरमार्केटपुरतं खरं आहे, हे मान्य. पण फळवाल्याकडे जाऊन स्वतः आंबे दाबतो तसे ॲवोकाडो दाबून बघू नकोस, बरेच जण चिडतात. "पुर स स्वार" म्हणजे आज रात्रीसाठी, "पुर दमँ" उद्यासाठी एवढं सांगितलं की तोच पिकलेला निवडून देतो, आणि हे बोटाने कसं सांगणार ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

(उच्चार देवनागरीत जेमतेम बसतात, जायच्या आधी एकदा नीट ऐकून घे. सत्तर ते नव्व्याण्णव आकडे आधी पाठ कर, बरेच भाव "कात्र-व्हँ-दीस", म्हणजे नव्वदवर संपतात.)