शेवटच्या प्रश्नापासून मागे येताना

प्रश्न : एम.ए.च्या वर्गात फैजपूर अधिवेशनाच्या शेतीविषयक ठरावावर सेमिनार घेतला. ‘हा ठराव शेतकऱ्यांसाठी होता की निवडणुकीसाठी?’ असे विचारताच सगळे गप्प झाले आणि अखेर मलाच व्याख्यान द्यावे लागले. प्रश्न चुकला का?
— इतिहासाच्या प्राध्यापिका, शिरपूर

उत्तर : प्रश्न उत्तम आहे, तो फार लवकर आला. त्याचे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला ठरावातील कलमे ठाऊक असावी लागतात, कोणत्या कलमाचा लाभ कोणाला होणार होता हे कळावे लागते, खानदेशातील जमीनधारणेची पद्धत माहीत असावी लागते आणि १९३७ च्या निवडणुकीत मत कोणाला होते हेही लक्षात घ्यावे लागते. यातले काहीच हाताशी नसताना शांत बसणे हा विद्यार्थ्यांचा समंजसपणाच म्हणावा लागेल. म्हणून प्रश्नमालिका वरून खाली लिहू नये. शेवटचा प्रश्न कागदाच्या तळाशी लिहावा, त्याला काय काय लागते याची यादी करावी आणि त्यातील प्रत्येक गोष्ट मिळवून देणारा एकेक प्रश्न त्याच्या वर मांडत जावा.

आपल्याच विषयात हे करून पाहू. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्यात हा ठराव संमत झाला. सुरुवातीला प्रत्येकाने ठरावातील एक कलम मोठ्याने वाचावे आणि तेव्हाच्या पूर्व खानदेशातील शेतकरी कुटुंबाला ते का जवळचे वाटले असते, हे एका वाक्यात सांगावे. दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा : फळ्यावर खातेदार, कूळ आणि शेतमजूर असे तीन स्तंभ आखून प्रत्येक कलम कोठे बसते ते ठरवायचे. सारा कमी करण्याचे कलम खातेदाराकडे जाते, कुळाच्या जमिनीवरील हक्काला स्थैर्य देणारे कुळाकडे आणि जगण्यापुरत्या मजुरीची कायदेशीर हमी शेतमजुराकडे. कर्जाचे ओझे कमी करण्याचे कलम कोठे ठेवायचे यावर वाद होईल, आणि तो होऊ द्यावा.

तिसरा प्रश्न असा : यातली कोणती कलमे जमीनदारीच्या प्रांतांत जास्त बोचतात आणि कोणती आपल्याकडे? खानदेश रयतवारीत होता. खातेदार सारा थेट सरकारला भरत असे. त्यामुळे थकलेला खंड माफ करण्याचे कलम इथल्या खातेदारापेक्षा, त्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या कामाचे ठरते, आणि ते ज्याला सोसावे लागणार तो बडा जमीनदार नसून गावातलाच खातेदार असू शकतो. चौथ्या प्रश्नात ठरावात काय नाही हे शोधायचे. जमीनदारी नष्ट करण्याची मागणी त्यात नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लखनौला अखिल भारतीय किसान सभा स्थापन झालेली असताना ही मागणी का गाळली गेली असावी, असे विचारावे. याच टप्प्यावर एक माहिती आपण स्वतः पुरवावी : १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर आधारलेला होता आणि बहुतेक शेतमजुरांना मत नव्हते.

आता तुमचा मूळ प्रश्न पुन्हा विचारून पाहा. ‘निवडणुकीसाठी’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला तिसऱ्या स्तंभाचा हिशेब द्यावा लागतो, कारण ज्यांना मत नाही त्यांच्या मजुरीचे आश्वासन ठरावात कशासाठी आले? ‘शेतकऱ्यांसाठी’ असे म्हणणाऱ्याला गाळलेल्या मागणीचा खुलासा करावा लागतो. दोघांनाही फळ्याकडे वळल्यावाचून बोलता येत नाही. संश्लेषण याहून वेगळे काही नसते, आणि त्याआधीचे चार प्रश्न झाले नसते तर ते घडणेही शक्य नव्हते.

प्रश्न : सुरुवातीचा प्रश्न सोपा ठेवला की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो बालिश वाटतो. ‘अधिवेशन कोणत्या साली झाले?’ या प्रश्नाला एकजण उत्तर देतो आणि चर्चा तिथेच थांबते.
— सहायक प्राध्यापक, अमळनेर

उत्तर : तुमचा प्रश्न सोपा आहे, पण बंद आहे. एकाने उत्तर दिले की उरलेल्यांना बोलण्याचे कारण राहत नाही. सुरुवातीचा प्रश्न असा हवा की त्याला वर्गातील प्रत्येकजण वेगळे उत्तर देऊ शकेल, परंतु मजकूर उघडल्याशिवाय कोणालाच ते देता येणार नाही. वर सुचवलेला कलम निवडण्याचा प्रश्न या दोन्ही कसोट्यांना उतरतो. शिवाय त्यात निकृष्ट उत्तर देणे अवघड असते, त्यामुळे मागच्या बाकावरचा विद्यार्थीही एकदा बोलून जातो. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा आवाज निघाला नाही तो पुढे फारसा बोलत नाही.

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या अनेकजण जशाच्या तशा प्रश्नांच्या क्रमासाठी वापरतात. ती मांडणी शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणासाठी होती, तासाच्या वेळापत्रकासाठी नव्हती. माझ्या मते प्रश्न कोणत्या पायरीवर बसतो यापेक्षा त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात वापरले जाते की नाही, हे पाहावे. ज्याचे उत्तर पुढे कोठेही लागत नाही तो प्रश्न कितीही सुंदर असला तरी गाळावा.

प्रश्न : नव्वद मिनिटांत शेवटच्या प्रश्नाला कधीच वेळ उरत नाही. पुढे केव्हा सरकायचे, हे कसे ओळखावे?
— जळगाव

उत्तर : वेळ आधी शेवटच्या प्रश्नाला द्यावा आणि उरलेला वाटावा. फैजपूरच्या मालिकेत मी शेवटच्या प्रश्नासाठी २५ मिनिटे राखीन. पहिल्याला १०, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला २० व चौथ्याला १५ पुरेत. दुसऱ्या प्रश्नावरचा वाद रंगतो म्हणून तो वाढत जातो, आणि वेळ बहुतेक तिथेच जातो. नवे बोलणारे जुनेच मुद्दे वेगळ्या शब्दांत मांडू लागले की पुढे निघावे, मग स्तंभात एखादे कलम वादग्रस्त राहिले तरी चालेल. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढावे. ते शेवटच्या चर्चेत उपयोगी पडते.

उलट चूकही होते. अवघड प्रश्न विचारून आपणच लगेच बोलू लागतो. मेरी बड रो यांच्या वर्गनिरीक्षणात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचे दिसले, आणि तीन सेकंदांहून अधिक थांबल्यावर उत्तरे लांब व सकारण होऊ लागली. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला तर विद्यार्थ्यांना मिनिटभर वहीत लिहू द्यावे.

प्रश्न : एक हुशार विद्यार्थी दुसऱ्या प्रश्नालाच शेवटचा निष्कर्ष सांगून मोकळा होतो. मग बाकीचे मान डोलावतात.
— धुळे

उत्तर : त्याला अडवू नये आणि शाबासकीही देऊ नये. त्याचे विधान त्याच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे आणि ‘हे आपण शेवटी तपासू’ एवढेच म्हणावे. चौथ्या प्रश्नानंतर त्यालाच विचारावे की स्तंभांतील कोणते कलम त्याच्या विधानाला अडचणीचे ठरते.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांची घरची बोली अहिराणी आहे. चर्चेत ती चालू द्यावी का?
— साक्री

उत्तर : पहिल्या दोन प्रश्नांत अवश्य चालू द्यावी. घरच्या शेतीचे, सालदाराचे किंवा कर्जाचे उदाहरण त्या बोलीत पटकन आणि तपशिलासह येते, आणि तोच तपशील पुढे कामी येतो. फळ्यावर मात्र प्रमाण मराठीतील संज्ञा लिहाव्यात. सारा आणि खंड यांतला फरक तिसऱ्या प्रश्नात निर्णायक ठरतो, तो तिथे एकदा स्पष्ट केला की नंतर कोणी कोणत्या बोलीत बोलले तरी गोंधळ होत नाही.