ड्रॉइंगवर एकाच जागेची दोन मापं आहेत, डिझाइन इंजिनिअरला मेल कसा लिहू?

प्रश्न: हिंगणघाटजवळ माझं लेथचं वर्कशॉप आहे. जिनिंगच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा समोरच्या व्ह्यूत ४० आणि सेक्शनमध्ये ४२ मिमी दाखवली आहे. साहेबांना काय लिहू?

उत्तर: भाऊ, "ड्रॉइंग चुकलं" असं लिहू नका. दोन्ही मापं कुठे दिसली ते दाखवा आणि एकच प्रश्न विचारा. पार्ट लिस्टमध्ये बेअरिंगचा नंबर पाहा. ६२०८ असेल तर त्याचं भोक ४० मिमीचं असतं, हा पुरावा मेलमध्ये घाला. असं काहीसं:

"नमस्कार सर,
ड्रॉइंग जी-१४, रिव्हिजन बी. डाव्या टोकाची बेअरिंग सीट समोरच्या व्ह्यूत ४० के६ आहे, सेक्शन ए-ए मध्ये ४२. पार्ट लिस्टमध्ये बेअरिंग ६२०८ आहे, त्यामुळे ४० बरोबर वाटतं. कोणतं धरू? ती जागा सध्या ४३ वर रफ करून थांबलो आहे. फोटोत दोन्ही मापांना गोल केला आहे. कृपया सुधारित ड्रॉइंग पाठवा."

४३ वर थांबल्यामुळे दोन्ही वाटा उघड्या राहतात. ४० ला फिनिश केल्यावर उत्तर ४२ आलं तर शाफ्ट भंगारात. के६ म्हणजे ४०.००२ ते ४०.०१८, त्यामुळे प्रिंटवर पट्टी ठेवून माप काढणं तर विसराच. साहेब फोनवर "४० कर" म्हणाले, तरी नवीन रिव्हिजन किंवा निदान मेलवर उत्तर येईपर्यंत फिनिश कट घेऊ नका.