पाकिटावरचा आकडा आणि माझी पाच महिन्यांची वही

> शेवेचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. मागे एका रकान्यात ५५० किलोकॅलरी, दुसऱ्यात १६५, आणि शेजारी ८ टक्के. मी आजवर अख्ख्या पाकिटाला १६५ धरून वहीत लिहीत आले. रोज पाव पाकीट खाते. वजन हलत नाही. यातला खरा आकडा कोणता?

तुमची पोस्ट वाचून मला माझी जुनी वही आठवली. नेमकी हीच चूक मी पाच महिने केली आहे, म्हणून जरा लांबण लावते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बँकेत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली, तेवढंच माझं शिक्षण समजा. औषधं चालू असतील तर खाण्यातले बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी तुमच्या पाकिटाचं उत्तर. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या वजनांचे आहेत. ५५० हा १०० ग्रॅम शेवेचा. १६५ हा एका सर्व्हिंगचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एका वेळच्या खाण्याचा. ती किती ग्रॅमची ते बारीक अक्षरात कुठेतरी असतं, पण दिसलं नाही तरी काढता येतं: १६५ भागिले ५५० म्हणजे ०.३, म्हणजे १०० ग्रॅमच्या तीन दशांश, ३० ग्रॅम. अख्ख्या पाकिटाचा आकडा मात्र छापलेलाच नाही. तो आपण काढायचा: २०० ग्रॅम म्हणजे ५५० ची दुप्पट, ११००. तुमचं पाव पाकीट ५० ग्रॅमचं, म्हणजे २७५. तुम्ही वहीत ४० च्या आसपास लिहीत असणार.

हा हिशेब नेहमी वजनाने करा, सर्व्हिंगच्या संख्येने नको. २०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमच्या सहा सर्व्हिंग होतात आणि वर २० ग्रॅम उरतात. पाकिटावर 'सुमारे ७ सर्व्हिंग' छापलं असेल आणि तुम्ही सातने गुणलंत तर ११५५ येतील. फरक लहान आहे, पण वजन हातात असताना 'सुमारे'वर कशाला जायचं?

त्या ८ टक्क्यांबद्दलही सांगते, कारण तिथे आणखी लोक फसतात. आपल्याकडे एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती वाटा मिळतो तो टक्क्यांत छापतात, आणि दिवसाची गरज २००० किलोकॅलरी धरतात. १६५ चे २००० शी ८ टक्के. म्हणजे हे ८ टक्केही ३० ग्रॅमचेच आहेत. अख्खं पाकीट संपवलं तर ५५ टक्के होतात. आणि २००० हा सगळ्यांसाठी धरलेला एकच आकडा आहे, तुमच्या वयाचा, उंचीचा किंवा कामाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता माझी गोष्ट. साखर काठावर आल्याचं कळल्यावर मी वही सुरू केली. संध्याकाळी चहाबरोबर भाजका चिवडा खायची, १५० ग्रॅमचं पाकीट दोन दिवसांत संपायचं. पाकिटावर ठळक ११७ दिसले. मी त्याला पेनने गोल केला आणि रोज अर्ध्या पाकिटाचे ६० लिहीत गेले. आकडा इतका लहान वाटला की चिवड्याकडे मी पुन्हा बघितलंच नाही. खरं म्हणजे ११७ हे २५ ग्रॅमचे होते, १०० ग्रॅमला ४६८ होते, आणि माझं अर्धं पाकीट ७५ ग्रॅमचं, म्हणजे ३५१ चं होतं. रोज २९० वहीबाहेर राहत होते.

मला सगळ्यात महाग पडली ती एका रुग्णालयाच्या आहार विभागातली भेट. तिसऱ्या महिन्यात वही घेऊन गेले, पाकीटही घेऊन गेले. टेबलापलीकडच्या व्यक्तीने माझा गोल बघितला, 'हे ठीक आहे, कमी आहे' म्हणाली आणि पान उलटलं. पाकीट किती ग्रॅमचं, मी त्यातलं किती खाते, यातलं काहीच विचारलं नाही. वर ऐकवलं की वहीत लिहिल्याप्रमाणे खात असाल तर वजन उतरायलाच हवं, तुम्ही काहीतरी लपवताय. मी काही लपवत नव्हते. घरी येऊन रडले. मग त्यांच्या सांगण्यावरून रात्रीच्या दोन भाकऱ्यांची अर्धी केली. आमच्याकडे एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, त्याचे १७० च्या आसपास होतात. म्हणजे दीड भाकरी सोडून मी जेमतेम २५५ वाचवत होते, आणि चिवड्याचे २९० तसेच पोटात जात होते. शिवाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इतकी भूक लागायची की चिवडा थोडा जास्तच घेतला जायचा. पुढचे दोन महिने असेच गेले. ज्यांच्या हाती पाकीट होतं त्यांनी मागची एक ओळ वाचली असती तर माझी भाकरी वाचली असती. याचा राग अजून गेलेला नाही.

चूक सापडली ती लाडवांमुळे. लाडवांसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला होता. शेजारीच चिवड्याचं पाकीट होतं, मागे '२५ ग्रॅम' दिसलं, म्हणून वाटीत मोजून बघितलं. छोटी मूठभर चिवडा. मी त्याच्या तिप्पट खात होते. त्याच रात्री वहीतली सगळी पानं परत लिहून काढली.

आता तो आकडा मोजतो काय ते सांगते, कारण ते कळलं की लेबल तपासताही येतं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. बोलताना आपण नुसतं 'कॅलरी' म्हणतो तेव्हाही हीच अभिप्रेत असते, खरी लहान कॅलरी तिचा हजारावा भाग. पण कारखान्यात चिवडा जाळून आकडा काढतात असं सहसा नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अन्न जाळून मिळणारी उष्णता मोजली, शरीरातून न वापरता बाहेर पडणारा भाग वजा केला, आणि त्यातून सोपे गुणक आले: प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, कर्बोदकांच्या ग्रॅमला ४, स्निग्धाच्या ग्रॅमला ९. प्रथिनं भट्टीत जाळली तर ४ हून बरीच जास्त उष्णता देतात, पण शरीर ती पूर्ण जाळत नाही, त्यातलं नत्र युरिया होऊन लघवीतून जातं. म्हणजे लेबलवरचा आकडा शरीराच्या हाती येणाऱ्या ऊर्जेचा हिशेबी अंदाज आहे.

माझ्या चिवड्यावर १०० ग्रॅमच्या रकान्यात कर्बोदकं ६२ ग्रॅम, प्रथिनं ९ आणि स्निग्ध २०.५ ग्रॅम होते. ६२ गुणिले ४ म्हणजे २४८, ९ गुणिले ४ म्हणजे ३६, २०.५ गुणिले ९ म्हणजे १८४.५. बेरीज ४६८.५. छापलेले ४६८. जुळलं. तुमच्या शेवेचंही असं करून बघा. ज्या रकान्यातल्या ग्रॅमवरून ५५० येतात तो १०० ग्रॅमचा रकाना, ज्यावरून १६५ येतात तो सर्व्हिंगचा. मथळे पुसट छापले असले तरी चुकणार नाही. बेरीज पाच-दहाने चुकली तर घाबरू नका, पूर्णांक केलेले असतात आणि तंतूंना ४ ऐवजी साधारण २ धरतात. पण दुपटीचा किंवा तिपटीचा फरक आला तर तुम्ही ओळ एका रकान्यातली आणि बेरीज दुसऱ्यातली धरली आहे.

सर्व्हिंग कोण ठरवतं, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. आपल्याकडे बहुतेक पदार्थांची ती कंपनीच ठरवते, त्यामुळे एका शेवेची २० ग्रॅमची आणि शेजारच्या शेवेची ३० ग्रॅमची असू शकते. माझं मत विचाराल तर दोन पाकिटांची तुलना सर्व्हिंगवर कधीही करू नका, १०० ग्रॅमच्या रकान्यावरच करा. २० ग्रॅमवाली हलकी वाटते, पण शेव तीच असते. अमेरिकेत लोक प्रत्यक्षात किती खातात त्यावरून सरकार सर्व्हिंगचा आधार ठरवतं. २०१६ च्या नियमांत आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर नेली, कारण लोक तेवढं खातात. यावरून लक्षात येईल की सर्व्हिंग म्हणजे 'एवढं खा' असा सल्ला नाही. आहार विभागाच्या कागदावर 'संध्याकाळी एक सर्व्हिंग' लिहून मिळालं तर किती ग्रॅम ते तिथेच विचारा, उठू नका.

दोन गोष्टी जाता जाता. ऑस्ट्रेलियाहून कोणी खाऊ पाठवला तर तिथे किलोज्यूलमध्ये छापतात, ४.१८४ ने भागा. आमच्या भाचीने पाठवलेल्या बिस्किटांवर दोन हजारांच्या घरातला आकडा बघून मी दचकले होते, ते किलोज्यूल होते. आणि तयार उपम्याच्या किंवा सूपच्या पाकिटावरचा १०० ग्रॅमचा आकडा बहुधा कोरड्या मिश्रणाचा असतो. पाणी घालून वाढलेल्या ताटलीचं वजन त्याला लावलंत तर उलट चूक होईल, खाल्लं त्यापेक्षा कितीतरी जास्त लिहिलं जाईल. अशा वेळी पाण्याआधी कोरडं वजन घ्या.

काटा नसेल तर घरी आणल्यावर पाकिटाचे डोळ्यांनी समान चार भाग करून डब्यांत भरा. तुमच्या २०० ग्रॅमचा एक डबा ५० ग्रॅमचा, २७५ चा. मी झाकणावर पेनने आकडा लिहिते, कारण पाकीट फेकून दिल्यावर दोन दिवसांनी तो आठवत नाही. आणि जुनी पानं दुरुस्त केल्याशिवाय जेवण कमी करू नका. आधी शेवेचे खरे आकडे लिहा, मग किती जास्त होतंय ते बघा.